पाठवल्याचा कागद

आमच्या भागात कुठलीही गोष्ट कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली होते. पाण्याची टाकी, शेळीपालनाचं शिबिर, शाळेच्या भिंतीचा रंग, सगळं. फ्लेक्सवर वरच्या ओळीत ‘मा. अमुक साहेबांच्या मार्गदर्शनाखाली’ नसेल तर तो कार्यक्रम झालाच नाही असं समजतात. मला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. नाव लावून कोणाचं काय जातं, असं मी म्हणायचो. एकाचं गेलं, आणि ते माझ्या हातानं गेलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी एका शेतकरी संस्थेच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आणि यंत्रांचं काम बघायचो. केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार व्हायची तिथं. संस्थेचं ऑफिस इंदापुरात, तहसील कचेरीपासून चालत जाण्यासारखं, आणि प्रयोगशाळा बारामतीच्या बाजूला. ग्रोथ रूम म्हणजे मांडण्यांवर काचेच्या बाटल्या, बाटलीत जेलीसारखं खाद्य आणि त्यात बोटाएवढी केळीची पिल्लं. वर दिवसाचे सोळा तास ट्यूबा चालू. खोली पंचवीस अंशांच्या आसपास राहिली पाहिजे. चार-सहा अंश इकडंतिकडं झालं तर पिल्लं कुरकुरतात, चाळिशीवर गेली की शिजतात. त्यातल्या शेवटच्या मांडणीवर मूळ बाटल्या होत्या. त्यांच्यापासूनच पुढची सगळी रोपं व्हायची. त्या गेल्या म्हणजे हंगाम गेला.

या खोलीचे खरे मालक तात्या. कागदावर ते मदतनीस होते. कन्हेरीचे, साठीला आलेले, चौदा वर्षं त्या खोलीत काढलेले. आत जाताना चप्पल, टोपी, हात धुणं, सगळं इतकं शिस्तीत की आमच्या मॅडमसुद्धा, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांच्याकडं बघून स्वतःचं सुधारून घ्यायच्या. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा बंद असायची, पण तात्या सकाळी दहाला आणि दुपारी तीनला कन्हेरीहून मोटारसायकलवर यायचे, दार उघडून थर्मामीटर बघायचे, वहीत आकडा लिहायचे आणि जायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं म्हणून त्याचं कोणाला कौतुकही नव्हतं.

मला मात्र त्यांच्या त्या फेऱ्या बघवत नव्हत्या. उन्हातान्हात माणूस एक आकडा बघायला दहा-बारा किलोमीटर येतो, हे मला मागासलेपणाचं वाटायचं. भिंतीवर तापमान नोंदवणारा एक डबा होता, परदेशी बनावटीचा, जुना. त्याला सिमकार्डाची जागा नव्हती. त्याला फक्त ईमेल पाठवता यायचा. तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की तो मेल पाठवायचा आणि तो मेल प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर येऊन सोमवारपर्यंत बसून राहायचा. तात्यांकडं बटणांचा साधा फोन. त्यावर मेल येत नाही, व्हॉट्सअॅप नाही. आणि त्यांच्या रानात इंटरनेटची रेंज म्हणजे देवाची करणी. साधा मेसेज मात्र तिथं पोचायचा.

मग मी ती सोय शोधून काढली. काही कंपन्या असं दार चालवतात की तुम्ही एका खास पत्त्यावर मेल पाठवायचा: आधी मोबाइल नंबर, मग @ हे चिन्ह, मग कंपनीचा पत्ता. कंपनीचं यंत्र बघतं की पाठवणारा पत्ता आपल्या यादीतला आहे का, मग मेलमधला मजकूर काढून घेतं आणि त्या नंबरावर साधा मेसेज करून पाठवतं. डब्याला वाटतं आपण मेल पाठवला, तात्यांना वाटतं आपल्याला मेसेज आला, आणि दोघांच्या मध्ये काय झालं ते दोघांनाही माहीत असायची गरज नाही. मॅडमचा अमेरिकेतला भाचा म्हणाला होता की त्यांच्याकडं मोबाइल कंपन्याच असे पत्ते फुकट द्यायच्या, आता त्याही ते बंद करायला लागल्यात, कारण फालतू मेसेज फार जातात. आपल्याकडं तसं फुकट काही नाही. आपल्याकडं आधी नाव नोंदवायचं, मेसेजवर दिसणारी सहा अक्षरं मंजूर करून घ्यायची आणि मुख्य म्हणजे मजकुराचा साचा नोंदवायचा. कुठले शब्द कायम राहणार आणि कुठं आकडा बदलणार, हे आधी लिहून द्यायचं. त्या साच्याबाहेरचा मजकूर असला की मोबाइल कंपनीची चाळणी तो अडवते. मेसेज मध्येच मरतो.

हे सगळं मला माहीत होतं. पुढं काय झालं ते वाचताना कृपा करून एवढं लक्षात ठेवा.

साचा मंजूर झाला, खोलीचा नंबर, तापमान आणि वेळ एवढ्यालाच मोकळी जागा. पहिल्या चाचणीला मी डब्याची तार हातात धरली, तापमान चढलं, आणि मिनिटाच्या आत तात्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून आकडा वाचला आणि हसले.

“आयला, खोली बोलाया लागली की!”

“आता रविवारच्या फेऱ्या बंद करा,” मी म्हणालो. “मेसेज आला तरच यायचं. नाही आला तर घरी निवांत.”

“म्हंजी न्हाय आला तर समदं बरं हाय?”

“होय.”

हे एका शब्दाचं उत्तर मी ज्या ऐटीत दिलं ती ऐट आठवली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. न आलेला मेसेज काही सांगत नसतो. खोली थंड असली तरी तो येत नाही, तार तुटली तरी येत नाही, मेल अडकला तरी येत नाही. ही सोय चांगली आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. यंत्राला मेलच येत असेल, माणसाकडं साधाच फोन असेल, मेसेज थोडे असतील आणि दोन मिनिटं उशीर चालणार असेल, तर तिच्याइतकं स्वस्त आणि सुटसुटीत काही नाही. पण ती माणसाच्या फेरीला जोड म्हणून. फेरी बंद करून नव्हे. मी फेरी बंद केली.

तात्या तरी महिनाभर येतच राहिले. वहीत आकडे पडत होते. मीच एकदा वही बघून म्हणालो, “माझ्यावर विश्वास नाही का?” त्यानंतर ते यायचे थांबले. माझ्या शब्दासाठी थांबले.

मेसेज जायचे तीन नंबरांवर: तात्या, मी आणि संस्थेचे मॅनेजर. मॅनेजरांनी पहिल्याच पंधरवड्यात नंबर काढायला लावला, जेवताना वाजतं म्हणून. माझी सासुरवाडी फलटणला. तिथं एका रविवारी लाईट दोनदा गेली आणि माझा फोन सात वेळा वाजला, तर मीही माझा नंबर काढला. तात्यांचा राहिला. तात्यांनी तक्रार केली नव्हती.

मार्चअखेरीस चेअरमनसाहेब प्रयोगशाळा बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मॅनेजर इंदापूरहून आले, सगळीकडं फिरले आणि डब्यासमोर थांबले. मी कौतुकानं त्यांना मेसेजचा नमुना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“ह्यात साहेबांचं काय न्हाय,” ते म्हणाले.

“हा धोक्याचा मेसेज आहे. खोली तापली तर जातो.”

“जाऊ द्या की. पण संस्थेचा मेसेज हाय का न्हाय? वर एक ओळ टाका. चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली. साहेबांना दाखवता येतंय, आपल्या संस्थेत खोलीसुद्धा तुमचं नाव घेती म्हणून.”

मी हसलो. ते हसले नाहीत. मी म्हणालो की मजकुराचा साचा मंजूर केलेला असतो, नवी ओळ घालायची तर नवा साचा पाठवून मंजुरीची वाट बघावी लागते. ते म्हणाले, मग पाठवा की, पण उद्या दिसलं पाहिजे. मी नवा साचा पाठवला. तो मंजुरीच्या रांगेत लागला. आणि त्याच दुपारी मी डब्यात ती ओळ घातली. रोमन अक्षरांत, कारण डब्याला देवनागरी येत नव्हती. ‘Ma. Chairman Saheb yanchya margadarshanakhali’, आणि खाली तापमान.

तेव्हा मनाशी काय म्हणालो तेही सांगतो. म्हणालो, खालचे शब्द तर तेच आहेत, वरची एक ओळ कोण बघतंय. मला माहीत होतं की यंत्र बघतं. यंत्राला मान आणि लाज दोन्ही नसतात, ते नुसतं जुळवून बघतं. पण दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते, आणि त्या वर्षी मला नोकरीत कायम व्हायचं होतं.

चाचणीचं बटण दाबलं. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर मेलची प्रत आली, वर ती ओळ झळकत होती. मॅनेजरांनी तिचा फोटो काढला. कंपनीच्या वेबसाइटवरच्या पानावर त्या मेलसमोर ‘ॲक्सेप्टेड’ असं हिरव्या अक्षरांत उमटलं. तात्या तेव्हा मागच्या शेडमध्ये रोपांना पाणी देत होते. पन्नास पावलं चालत जाऊन विचारायचं होतं, फोन वाजला का. सुटायची वेळ झाली होती. मी गेलो नाही.

साहेब आले, फोटो बघितला, म्हणाले, “वा!” आणि चहा घेऊन गेले.

त्यानंतर तीन आठवडे खोलीनं काही तक्रार केली नाही. एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास लाईट गेली आणि दहा मिनिटांत कमी दाबानं आली. दोन एसींपैकी एक आधीच दुरुस्तीला उघडून ठेवलेला, दुसऱ्याचा कटआउट पडला. तो हातानं दाबल्याशिवाय सुरू होत नाही. ट्यूबा मात्र आपोआप लागल्या. बंद खोली, वर एप्रिलचं ऊन आणि आत एवढ्या ट्यूबा. गेटवर वॉचमन होता, पण आतली चावी त्याच्याकडं नसायची, बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून. चावी तात्यांकडं असायची.

डब्यानं आपलं काम चोख केलं. अकराला पहिला मेल, मग दर पंधरा मिनिटांनी एक. संध्याकाळी उन्हं कलल्यावर पारा उतरेपर्यंत तो पाठवतच होता. जास्तीत जास्त त्रेचाळीस.

सोमवारी सकाळी तात्यांनीच दार उघडलं. मी पोचलो तेव्हा ते दारातच उभे होते, टोपी हातात. बाटल्यांच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि पिल्लं आडवी पडली होती, उकडलेल्या मेथीसारखी. शेवटच्या मांडणीवरच्यासुद्धा. मॅडम एक बाटली उचलायच्या, उजेडात धरायच्या, ठेवायच्या, पुढची उचलायच्या.

मग तात्यांनी मला विचारलं, “साहेब, मेसेज कसा न्हाय आला?”

“बघतो,” मी म्हणालो.

आणि बघितलं. मंगळवारी सकाळी, ऑफिस उघडायच्या आधी. कंपनीच्या पानावर पहिल्या यादीत सगळ्या मेलांपुढं तेच हिरवं ‘ॲक्सेप्टेड’. त्याचा अर्थ एवढाच की दारावर मेल घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून आत गेलं की पुढची हकीकत दिसायची: साचा जुळला नाही, नाकारला. प्रत्येक वेळी तेच. शिवाय प्रत्येक अपयशाची सूचना परत मेलनं आली होती, ज्या पत्त्यावरून मेल गेला त्या पत्त्यावर, म्हणजे डब्याच्या मेलपेटीत. ती पेटी उघडणं माझं काम. मी ती तीन आठवडे उघडली नव्हती. त्या रविवारच्या सगळ्या सूचनांच्या खाली, म्हणजे सगळ्यात जुनी, एक मार्चअखेरची होती. माझ्या चाचणीची. खोलीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

मी मॅनेजरांना फोन लावला. खरं तेच सांगितलं, त्या ओळीमुळं झालं म्हणून.

“कुनाकुनाला सांगितलंय?”

“कोणाला नाही.”

“मग नगा सांगू. ती वळ साहेबांच्या नावाची हाय. साहेबांच्या नावानं रोपं जळली असं सभासदांत गेलं तर काय व्हईल? तुमी फकस्त पाठवल्याचा कागद घिऊन या. बाकी आमी बघतो.”

बुधवारी इंदापुरात बैठक. मी प्रिंट काढून नेली. पहिल्या यादीची. आतल्या पानांची काढली नाही. पंचवीसेक ओळी, प्रत्येकीपुढं वेळ, तात्यांचा नंबर आणि ॲक्सेप्टेड. मॅनेजरांनी ती टेबलावर सरकवली आणि त्या शब्दाचं मराठी स्वतःच करून सांगितलं, “फोननं मेसेज घेतलेत साहेब.” फोननं घेतले नव्हते. कंपनीच्या दारानं घेतले होते. त्या टेबलाभोवती हा फरक फक्त मला माहीत होता.

चेअरमनसाहेबांनी तात्यांना विचारलं, “काय वो, कुठं व्हता रविवारी?”

“घरीच व्हतो साहेब. फोन खिशातच. मेसेज न्हाय आला.”

“ह्यो कागद काय म्हनतोय?”

“कागदाचं मला म्हाईत न्हाय. माझ्या फोनात न्हाय आला.” तात्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. “म्या एक बी मेसेज पुसत न्हाय. मला पुसता येत न्हाय. आधीचं समदं हायत त्यात. बघा तुमी.”

फोन तिथं पडून राहिला. उचलला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. मार्चपर्यंतचे मेसेज ओळीनं दिसले असते आणि पुढं काही नाही. मॅडमनी हात पुढं केला होता, तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, “पुसलं असत्याल. आता काय बघायचं त्यात?” मॅडमनी माझ्याकडं बघितलं. यंत्राचा माणूस मी.

“हे साहेब सांगत्याल की,” तात्या माझ्याकडं बोट करून म्हणाले. “साहेब, तुमी सांगा. असं व्हतं का न्हाय, की तितनं निघतोय आन् हितं पोचत न्हाय?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “आपल्या बाजूनं गेलेला आहे.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. इतकं खरं बोलून इतकी हलकट गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

तात्यांनी फोन उचलला आणि खिशात ठेवला. त्यांना कामावरून कमी केलं, वय झालं होतंच असं म्हणून. सभासदांना सांगितलं गेलं की माणूस दुपारचा झोपला, मेसेज वाजत राहिले. बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, एक जण दुसऱ्याला सांगत होता, कन्हेरीचा तो म्हातारा, घोरत पडला आणि आमची केळी उकडली. मी तिथं भाजी घेत होतो. पिशवी भरून घरी आलो.

मी ती ओळ डब्यातून काढून टाकली. नवा साचा पुढं मंजूर झाला तरी वापरला नाही. दर सोमवारी चाचणीचा मेसेज माझ्या फोनवर येईल असं केलं, म्हणजे आला नाही की कळावं. अपयशाच्या सूचना माझ्या पेटीत वळवल्या. नव्या मदतनिसाला सुट्टीच्या दिवशी फेरी लावून दिली. सगळं जसं आधी करायला हवं होतं तसं. जूनमध्ये मी कायम झालो.

कन्हेरीला जायला मला दिवाळी उजाडली. तात्या गोठ्यापुढं बाजेवर बसून दोरी वळत होते. मला बघून उठले, काकूंना चहा टाकायला सांगितला. माणूस घरी आला की चहा, मग तो कोणीही असो. मी चहा येईपर्यंतही थांबलो नाही. साच्यापासून चाळणीपर्यंत सगळं सांगितलं. ती ओळ, ते बटण, आतली पानं. मेसेज तुमच्या फोनपर्यंत आलाच नव्हता, आणि मला ते बैठकीच्या आधी माहीत होतं.

त्यांनी दोरीचं टोक पुन्हा हातात घेतलं. मला वाटलं शिव्या देतील. मला शिव्या हव्या होत्या.

“म्या लई येळा दुकानात गेलो,” ते म्हणाले. “मोबाइलच्या. त्यास्नी इचारलं, मेसेज आला आन् माणसाला दिसलाच न्हाय असं व्हतं का. त्यो हसायचा. मग मला बी वाटाया लागलं, आला आसंल. वाजला आसंल आन् माझा डोळा लागला आसंल. जेवनानंतर जरा टेकलो व्हतो, खोटं कशाला बोलू. हिला बी म्हनलं, माझ्याच हातनं झालं आसंल गं.”

काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं सगळं. कपबशी माझ्यापुढं ठेवली आणि आत गेल्या.

सहा महिने. मी गप्प राहिलो ते फक्त चार माणसांसमोर, असं मला वाटत होतं. ह्या माणसानं तेवढ्यात स्वतःविरुद्ध साक्ष देऊन टाकली होती. जगानं खोटं ठरवलं तर माणूस निदान स्वतःशी खरा असतो. मी तेही ठेवलं नव्हतं.

“लिवून द्या,” तात्या म्हणाले.

“काय?”

“आता मला सांगितलं ते. कागदावर गेलं माझं, तर कागदावरच येऊ द्या. म्या न्हेऊन देतो इंदापुरात. न्हायतर हितं पारावर वाचून दाखवतो. माझा डोळा लागला म्हनून केळी जळली न्हाईत, एवढंच.”

त्यांनी आतून वही आणली. खोलीच्या तापमानाचीच जुनी एक वही, मागची पानं कोरी होती. मी पेन काढलं. लिहायला लागलो. मनात सगळं स्पष्ट होतं, ती ओळ कोणी घालायला लावली, कोणी घातली, आतली पानं कोणी लपवली. आणि हात तिथं आला की थांबायचा. कायम झालो होतो. घराचं बांधकाम निघालं होतं. मॅनेजर अजून तिथंच होते. शेवटी मी लिहिलं: ‘सदर दिवशीचे संदेश तांत्रिक कारणामुळे संबंधितांच्या फोनपर्यंत पोचू शकले नाहीत.’ खाली सही केली, पान फाडून त्यांच्या हातात दिलं.

“वाचा,” ते म्हणाले. “चष्मा न्हाय.”

मी वाचलं.

“तांत्रिक म्हंजी कोन?”

मी पेनाला टोपण लावलं. ते थांबले, अगदी मनापासून थांबले, जसं कोणी फोन लागायची वाट बघतं. मग त्यांनी पान नीट चौपदरी घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात घातलं.

“न्ह्या तुमचं तुमाला,” ते म्हणाले. “ह्यो बी तसलाच हाय. निघालाय, पर पोचत न्हाय.”

मी चहा घेतला. पार रस्त्यातच लागतो. चार-पाच माणसं बसली होती, एकानं हात केला. मी गाडीचा वेग कमी केला नाही.